उपदेश गाळून माहिती ठेवताना : पर्यावरणपूरक गणेशोत्सवावरील संहितेचे पुनर्लेखन

पर्यावरणपूरक गणेशोत्सवावरच्या तीन मिनिटांच्या एका माहितीपटासाठी लिहिलेली संहिता काही काळापूर्वी माझ्याकडे दुरुस्तीसाठी आली. ती लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि विषयाची कळकळही खरी होती. तरीही पहिल्या वाचनातच जाणवले, की ऐकणारा माणूस अर्ध्या मिनिटात कान बंद करील. तिची सुरुवात अशी होती : ‘दरवर्षी आपण बाप्पाला वाजतगाजत घरी आणतो, पण त्याच बाप्पाला निरोप देताना आपण निसर्गाचा गळा घोटतो, याचा कधी विचार केला आहे का? निदान यंदा तरी विषारी पीओपीचा मोह टाळू या आणि शाडूच्या मातीचीच मूर्ती आणू या.’

अशी संहिता आली, की तिचा सूर मवाळ करून द्या, एवढेच बहुधा सांगितले जाते. ‘टाळा’च्या जागी ‘टाळता येईल का, पाहू या’ असे लिहिले, की काम झाले असे वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. उपदेश सुरात असतो त्याहून जास्त तो माहितीच्या पोकळीत असतो. जिथे लेखकाला कारण नेमके ठाऊक नसते तिथे आज्ञा येते, आणि जिथे प्रेक्षकाच्या हातात काही करण्यासारखे उरलेले नसते तिथे तीच आज्ञा दोषारोप होऊन बसते. म्हणून पुनर्लेखन शब्दांपासून सुरू करू नये. त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात : माहितीपट कोणत्या दिवशी दिसणार आहे, आणि संहितेतले प्रत्येक वाक्य नेमके कोणते काम करते.

आधी तारीख विचारा

वरची संहिता चतुर्थीच्या चार दिवस आधी प्रसारित होणार होती. हे कळले आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला. घरगुती मूर्तीची नोंदणी अनेक कुटुंबे आषाढ-श्रावणातच करतात. मूर्तिकाराचे काम तर त्याच्याही कित्येक महिने आधी सुरू झालेले असते. शाडूची मूर्ती पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, त्यामुळे ऐन वेळी मागणी वाढली म्हणून ती वाढवून देता येत नाही. म्हणजे चतुर्थीच्या चार दिवस आधी ‘शाडूचीच मूर्ती आणू या’ असे सांगणे हे ज्याने पीओपीची मूर्ती ठरवून ठेवली आहे त्याला, ‘तुम्ही चुकलात’ असे सांगण्यापलीकडे काही साधत नाही. त्या माणसाला आता करता येण्यासारखे एकच काम उरलेले असते, ते म्हणजे घरी येणाऱ्या मूर्तीचे विसर्जन कसे करायचे हे ठरवणे.

म्हणून पहिली पायरी ही, की प्रसारणाची तारीख कागदावर वर लिहावी आणि त्या तारखेला प्रेक्षकाकडे कोणता निर्णय शिल्लक आहे ते तिच्याखाली एका वाक्यात मांडावे. ज्येष्ठ-आषाढात दिसणाऱ्या माहितीपटाचा विषय मूर्तीची निवड हा असू शकतो. चतुर्थीच्या आठवड्यात तो विसर्जन हाच असला पाहिजे, आणि विसर्जन झाल्यावर दिसणार असेल तर उरलेली माती व निर्माल्य यांच्याविषयीच बोलता येईल. माझ्या हातातल्या संहितेत मूर्तीच्या निवडीवर दीड मिनिट खर्च झाले होते. तो सगळा भाग मी काढला आणि बाजूला जपून ठेवला, कारण पुढच्या आषाढात तो उपयोगी पडणार होता.

प्रत्येक वाक्याला खूण करा

यानंतर संहिता छापून घ्यावी आणि समासात प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहावे : माहितीला ‘मा’, सूचनेला ‘सू’ आणि दोष देणाऱ्या वाक्याला ‘दो’. एका वाक्यात दोन कामे असतील तर जास्त जोराने ऐकू येणारे काम नोंदवावे. ‘आपण निसर्गाचा गळा घोटतो’ हे वाक्य माहितीसारखे दिसते, पण त्यात तपासून पाहता येईल असे काहीच नाही. त्याला ‘दो’च मिळतो. माझ्याकडच्या संहितेत एकूण अडतीस वाक्ये होती. त्यांपैकी नऊ माहितीची, सतरा सूचनांची आणि बारा दोषाची निघाली. हा हिशेब मूळ लेखकासमोर ठेवला तेव्हा वाद झाला नाही. त्यांनाच आश्चर्य वाटले, कारण आपण माहितीच देत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

दोषाची वाक्ये सरळ काढावीत. ती दुरुस्त करण्याच्या भरीला पडू नये, कारण त्यांच्या पोटात बहुधा काही नसते. सूचनांचे मात्र तसे नाही. प्रत्येक सूचनेमागे कोणती तरी वस्तुस्थिती दडलेली असते, आणि तिला बाहेर काढणे हेच पुनर्लेखनातले खरे कष्टाचे काम आहे.

सूचनेमागची वस्तुस्थिती शोधा

इथे घाई करू नये. ‘विषारी पीओपीचा मोह टाळू या’ हेच वाक्य घेऊ. पीओपी टाळायचे ते का, असे स्वतःला विचारले की ‘ते विषारी आहे म्हणून’ हे उत्तर लगेच तोंडावर येते, आणि ते चूक आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी मिसळले की ते घट्ट होऊन जिप्सम बनते. जिप्सम हे खनिज आहे. चोपण जमीन सुधारण्यासाठी शेतकरी ते शेतात घालतात. गावाकडचा एखादा शेतकरी हा माहितीपट पाहत असेल, तर ‘विषारी’ हा शब्द कानावर पडताच त्याचा पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास उडेल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

मग अडचण नेमकी कशात आहे? जिप्सम पाण्यात फार थोडे विरघळते. साध्या पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण दोन ते अडीच ग्रॅम, त्याहून जास्त नाही. हा आकडा तसाच वाचून दाखवला तर कोणाच्याही लक्षात राहणार नाही, पण घरातल्या भांड्यात मोजून दाखवला तर राहतो. वीस लिटरच्या बादलीत दोन किलोची मूर्ती ठेवली तर त्या पाण्यात फार तर पन्नास ग्रॅम विरघळेल. सगळी मूर्ती विरघळायला आठशे ते हजार लिटर पाणी लागेल. नदीत पाणी पुष्कळ असते हे खरे, परंतु विरघळण्याची क्रिया मूर्तीच्या पृष्ठभागावरूनच होते आणि त्या पृष्ठभागावर रंगाचा थर बसलेला असतो. म्हणून मूर्ती दीर्घकाळ तशीच राहते, भंगते, आणि पाणी ओसरल्यावर काठाला दिसते.

दुसरी गोष्ट रंगांची. काही रंगांमध्ये शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू असतात, आणि पाण्यातल्या जिवांना अपाय होतो तो मुख्यतः अशा पदार्थांमुळे. पण तोच रंग शाडूच्या मूर्तीला दिला तर तोच अपाय होणार, हेही संहितेत आलेच पाहिजे. ते लपवले तर ती माहिती राहत नाही, प्रचार होतो.

शाडूबाबतही हाच प्रामाणिकपणा पाळावा लागतो. शाडू खऱ्या अर्थाने विरघळत नाही. ती माती भिजून मऊ होते, सुटी होते आणि तळाशी बसते. लहान तळ्यात शेकडो शाडूच्या मूर्ती विसर्जित केल्या तर तिथेही गाळ साचतोच. महाराष्ट्रात वापरला जाणारा शाडू मोठ्या प्रमाणात गुजरातेतून येतो, शाडूची मूर्ती जड असते आणि वाहतुकीत लवकर दुखावते. या गोष्टी माहितीपटात घेतल्याने शाडूची बाजू लंगडी पडेल अशी भीती आयोजकांना वाटत होती. झाले ते उलटच. दोन्ही बाजू मांडल्यामुळे शाडूचा खरा फायदा नेमका कुठे आहे ते स्पष्ट झाले : ती माती बादलीत पूर्ण सुटी होते, गोळा करता येते आणि पुन्हा मूर्तीसाठी वापरता येते. पुण्यात विसर्जनानंतरचा शाडू गोळा करून मूर्तिकारांपर्यंत पोहोचवण्याचे काम चालते. एवढे एक वाक्य घातले, की ‘शाडूचीच मूर्ती आणू या’ असे म्हणण्याची गरज उरत नाही.

नियम सांगताना

मूळ संहितेत ‘पीओपीवर बंदी आहे, तरीही लोक ऐकत नाहीत’ असे वाक्य होते. या विषयावरच्या संहितांमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्यांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. त्यानंतर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये अशा मूर्ती घडवण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, परंतु न्यायालयाच्या परवानगीविना त्यांचे नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन करू नये असे ठरले. पुढे जुलै २०२५ च्या आदेशानुसार सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावात करणे बंधनकारक झाले. म्हणजे त्या वर्षी ‘बंदी आहे’ हे वाक्य पूर्ण खरेही नव्हते आणि पूर्ण खोटेही नव्हते.

त्यामुळे नियमाचे वाक्य लिहिताना कोणी, कधी आणि कोणत्या मूर्तींसाठी या तीन गोष्टी त्यातच सांगाव्यात. ‘बंदी’ हा एकटा शब्द सोडून द्यावा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी नियमाची दोन-तीन वाक्ये वेगळ्या फाइलमध्ये वाचून घ्यावीत, म्हणजे पुढच्या वर्षी आदेश बदलला तर तेवढीच पुन्हा मुद्रित करता येतात. नियमाचे वाक्य माहितीपटाच्या आरंभी ठेवू नये असेही माझे मत आहे. कायद्याने सुरू होणारा माहितीपट धमकीसारखा ऐकू येतो. मूर्ती पाण्यात का टिकून राहते हे आधी कळले, की तोच नियम आपोआप समजतो.

कर्ता आणि क्रियापद बदला

आता कुठे भाषेची पाळी आली. मराठीत उपदेश काही ठरावीक ठिकाणी दबा धरून बसलेला असतो. पहिली जागा म्हणजे ‘आपण’. ‘आपण नद्या घाण करतो’ म्हणताना लेखक स्वतःला त्यात धरतो असे दिसते, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो : तुम्ही करता. दुसरी जागा बारीक अव्ययांची. ‘निदान यंदा तरी’ या तीन शब्दांत आजवरच्या सगळ्या वर्षांचा ठपका भरलेला आहे. ‘मातीचीच’ मधला ‘च’, ‘एवढे साधेही’ मधला ‘ही’, वाक्याच्या शेवटचा ‘नाही का?’ हे सगळे त्याच जातीचे. तिसरी जागा विध्यर्थी क्रियापदांची : ‘करावे’, ‘टाळावे’, ‘पाहिजे’, आणि प्रेमळ वाटणारे ‘करू या’.

उपाय सोपा आहे. वाक्याचा कर्ता माणसाऐवजी वस्तू करावी. मूर्ती, माती, पाणी, रंग, निर्माल्य हे कर्ते झाले, की क्रियापदे आपोआप साधी होतात : राहते, सुटते, बसते, कुजते. ‘आपण निर्माल्य नदीत टाकून पाणी दूषित करतो’ या वाक्याच्या जागी ‘फुले-पाने पाण्यात कुजताना त्या पाण्यातला प्राणवायू वापरला जातो, साचलेल्या पाण्यात तो लवकर कमी पडतो’ हे वाक्य आले. प्रत्यक्ष कृती सांगायची असेल तिथे मात्र आज्ञार्थ खुशाल वापरावा. ‘बादलीत मूर्ती पूर्ण बुडेल इतके पाणी घ्या’ हा उपदेश नाही. पाककृतीतली आज्ञा कोणाला टोचत नाही, तशीच ही.

दृश्यांनाही हाच नियम लागू पडतो. समुद्रकाठी पडलेल्या भंगलेल्या मूर्तींची दृश्ये मी दोन कारणांसाठी काढून टाकली. ती पाहून श्रद्धाळू माणसाला मूर्तीची विटंबना दिसते आणि तो दुखावतो. शिवाय त्या दृश्यातून, मूर्ती तशी का राहिली याचे उत्तर मिळत नाही. त्यांच्या जागी मूर्तिकाराकडून आणलेले, न रंगवलेले दोन तुकडे, एक शाडूचा आणि एक पीओपीचा, पाण्याच्या दोन काचपात्रांत ठेवून रात्रभर चित्रित केले. सकाळी एका पात्रात मातीचा थर होता आणि दुसऱ्यात तुकडा कडांसकट शाबूत. त्या दृश्यावर निवेदनाचा एक शब्दही लागला नाही.

श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवू नका

बादलीत विसर्जन म्हटल्यावर अनेकांच्या मनात येणारा प्रश्न रसायनशास्त्राचा नसतो. ‘वाहत्या पाण्यात नाही केले तर चालेल का?’ हा तो प्रश्न, आणि संहिता त्याला टाळून गेली तर बाकीची सगळी माहिती फुकट जाते. इथेही उत्तर द्यायचे ते माहितीने. भाद्रपदातल्या चतुर्थीच्या पूजेत मूर्तीला ‘पार्थिव’ म्हणतात, म्हणजे पृथ्वीची, मातीची. आधी प्राणप्रतिष्ठा होते, शेवटी उत्तरपूजा होते आणि ‘पुनरागमनाय च’ म्हणून निरोप दिला जातो. जलात विसर्जन होते ते उत्तरपूजेनंतर. हा क्रम जसाच्या तसा सांगावा आणि थांबावे. ‘म्हणून बादलीतले विसर्जनही तितकेच पवित्र’ असा निष्कर्ष निवेदकाने काढू नये. तो अधिकार घरच्या वडीलधाऱ्यांचा आणि गुरुजींचा आहे, आणि ती जागा मोकळी सोडली तर प्रेक्षक ती स्वतः भरतो.

पुन्हा लिहिलेला भाग

मधला, विसर्जनाचा भाग शेवटी असा झाला :

‘मूर्ती शाडूची आहे की पीओपीची, हे स्थापनेआधी पाहता येते. मूर्तीच्या बैठकीखाली रंग नसलेला भाग असतो. तिथे ओले बोट घासले की शाडूची माती बोटाला चिकटते. पीओपीची चिकटत नाही.

शाडूच्या मूर्तीसाठी मोठी बादली किंवा टब पुरतो. मूर्ती पूर्ण बुडेल इतके पाणी घ्या. न भाजलेली माती काही तासांत मऊ होते आणि बहुतेक लहान मूर्ती दुसऱ्या दिवशीपर्यंत सुट्या होतात. तेलकट रंगाचा जाड थर असेल तर वेळ जास्त लागतो. वरचे पाणी ओतून दिल्यावर तळाची माती वाळवून ठेवता येते. कुंडीत घालायची असल्यास ती थोडीच आणि बागेच्या मातीत मिसळून घाला, कारण नुसता शाडू वाळल्यावर कडक होतो आणि पाणी अडवतो.

पीओपीच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत विकसित केली आहे. मूर्तीच्या वजनाइतकी ही पावडर पाण्यात मिसळली, की पीओपीचे रूपांतर खडूसारख्या पांढऱ्या चुऱ्यात होते आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे खत म्हणून वापरले जाते. मिश्रणाला फेस येतो, म्हणून भांडे काठोकाठ भरू नका. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून ते गच्चीत किंवा मोकळ्या जागी ठेवा आणि अधूनमधून काठीने ढवळा. ही पावडर म्हणजे घरातला खाण्याचा सोडा नव्हे. सोडा वापरला तर पाण्यात सोडियम उरते आणि ते पाणी झाडांना घालता येत नाही.’

शेवटचे वाक्य मूळ संहितेतल्या चुकीमुळे आले. तिथे सरळ ‘खाण्याचा सोडा’ असेच लिहिलेले होते. अशी एक चूक प्रेक्षकाच्या बागेपर्यंत पोहोचते, म्हणून पदार्थांची नावे आणि प्रमाणे विषयातल्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय संहिता मुद्रणाला देऊ नये.

मोठ्याने वाचून पाहा

मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्दांच्या गतीने नीट कळते, म्हणून तीन मिनिटांसाठी साडेतीनशेच्या आसपास शब्द पुरतात. याहून जास्त झाले तर निवेदक घाई करतो, आणि घाईचे वाचन चिडल्यासारखे ऐकू येते. उपदेशाचा भास कधी कधी निव्वळ या गतीमुळेही होतो.

संहिता पुरी झाली, की ती अशा एकाला वाचून दाखवावी ज्याच्या घरी यंदा पीओपीची मूर्ती येणार आहे. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. त्यावर ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. ‘यातले काय लक्षात राहिले?’ आणि ‘कुठे थोडा राग आला?’ हे दोनच प्रश्न विचारावेत. माझ्या संहितेतला शेवटचा उपदेश असाच सापडला. माझ्या परिचयातल्या एका काकूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि ‘जबाबदार नागरिक म्हणून’ या शब्दांवर बोट ठेवले. ‘मग आम्ही आजवर कोण होतो?’ असे त्यांनी विचारले. ते शब्द मी तिथेच खोडले, आणि माहितीपटाचे शेवटचे वाक्य हे राहिले : ‘तुमच्या प्रभागातील विसर्जन हौद आणि निर्माल्य कलश कुठे आहेत, ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारता येईल.’